रेक्टस शीथची मागची भिंत कुठे संपते? आर्क्युएट लाइनच्या वर-खाली काय बदलतं ते समजून घेताना

‘आर्क्युएट लाइनच्या खाली रेक्टस शीथला मागची भिंत नसते.’ पहिल्या वर्षाच्या व्हायवात हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पुढचा प्रश्न आला की गाडी अडते. मग तिथे रेक्टस, म्हणजे मध्यरेषेच्या बाजूचा उभा स्नायू, आणि आतडी यांच्यामध्ये असतं तरी काय? आणि मागची भिंत ‘नसते’ म्हणजे ती गेली कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट देता आली की पोटाच्या पुढच्या भिंतीतलं बाकीचं फारसं पाठ करावं लागत नाही. म्हणून या लेखात एकच धागा धरला आहे: बाजूच्या तीन स्नायूंचे तीन पातळ, पांढरे पडदे, म्हणजे अपोन्युरोसिस, रेक्टसच्या पुढून जातात की मागून, आणि ते कुठे बदलतं. आधी कागदावर, मग डिसेक्शन टेबलवर आणि शेवटी पेशंटमध्ये पाहू.

आधी कुशीकडून सुरुवात करा

बहुतेक जण थेट रेक्टसपासून सुरुवात करतात आणि गोंधळतात. त्याऐवजी कुशीच्या बाजूला, जिथे तीनही स्नायू अजून लालसर, मांसल आहेत, तिथून आत या. त्वचेखाली चरबीचा थर लागतो, तो कॅम्पर्स फॅशिया. बेंबीच्या खालच्या भागात त्याच्या आत एक पातळ पण चिवट पडदा वेगळा काढता येतो, तो स्कार्पाज फॅशिया. या दोन्हींचा आर्क्युएट लाइनशी संबंध नाही, त्यामुळे इथे रेंगाळायचं कारण नाही.

त्यानंतर तीन स्नायू लागतात. सर्वांत बाहेरच्या एक्स्टर्नल ऑब्लिकचे तंतू वरून खाली, मध्यरेषेकडे उतरतात. पॅन्टच्या खिशात हात घातला की बोटं ज्या दिशेला वळतात, तीच ही दिशा. त्याच्या आतल्या इंटर्नल ऑब्लिकचे तंतू बहुतांशी याला काटकोनात, म्हणजे खालून वर मध्यरेषेकडे चढतात. सर्वांत आतल्या ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिसचे तंतू आडवे असतात. कोणत्या थरात आहोत हे टेबलवर विसरायला झालं तर पुस्तक उघडू नका, तंतूंची दिशा बघा. इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस यांच्यामधल्या फटीतून छातीच्या खालच्या नर्व्ह मध्यरेषेकडे येतात. ती फट लक्षात ठेवा, भूल देणाऱ्यांना तीच हवी असते.

ट्रान्सव्हर्ससच्या आत ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया, मग थोडी एक्स्ट्रापेरिटोनियल चरबी आणि सर्वांत आत पेरिटोनियम. नावातल्या सारखेपणामुळे ट्रान्सव्हर्सस आणि ट्रान्सव्हर्सालिस यांची गल्लत हमखास होते. पहिला स्नायू आहे, दुसरा पोटाच्या पोकळीचं अस्तर आहे. आर्क्युएट लाइनच्या प्रश्नात नेमकी हीच गल्लत महाग पडते.

कुशीत हा क्रम वरपासून खालपर्यंत तोच राहतो. आर्क्युएट लाइनमुळे होणारा बदल फक्त लिनिया सेमिल्युनॅरिसच्या आतल्या बाजूला, म्हणजे रेक्टसच्या बाहेरच्या कडेपासून मध्यरेषेपर्यंतच्या पट्ट्यात असतो. कुशीतून चिरा घेणाऱ्या सर्जनला ही रेषा आडवी येत नाही.

कागदावर दोन छेद काढा

आता पेन्सिल घ्या. मध्ये एक ठिपका काढा, ती लिनिया अल्बा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबट अंडाकृती काढा, ते दोन रेक्टस. बाहेरच्या बाजूने तीन रेषा रेक्टसच्या कडेपर्यंत आणून थांबवा.

पहिला छेद बेंबीच्या थोडा वरचा. एक्स्टर्नल ऑब्लिकची रेषा रेक्टसच्या पुढून मध्यापर्यंत न्या. इंटर्नल ऑब्लिकची रेषा रेक्टसच्या कडेपाशी दुभंगा; अर्धी पुढून, अर्धी मागून. ट्रान्सव्हर्ससची रेषा मागून. हिशेब करा: पुढे दीड पडदा, मागे दीड पडदा. एकूण तीन.

दुसरा छेद बेंबी आणि प्युबिक सिंफिसिस यांच्या मधल्या भागाच्या खालचा. इथे तिन्ही रेषा रेक्टसच्या पुढून न्या. पुढे तीन, मागे शून्य. एकूण अजूनही तीनच. ‘भिंत गेली कुठे’ याचं उत्तर इथे आहे: ती रेक्टसच्या मागून उठून पुढे आली. म्हणूनच खालच्या भागात पुढची भिंत जाड आणि मजबूत लागते.

आता दोन्ही छेदांत सर्वांत मागे ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया, चरबी आणि पेरिटोनियम अशा तीन रेषा सलग काढा. त्या वरही असतात, खालीही असतात. खाली रेक्टसच्या मागे ‘काहीच नसतं’ असं नाही. अपोन्युरोसिस नसतं, अस्तर असतं. आर्क्युएट लाइन म्हणजे मागच्या त्या दीड पडद्याची खालची मोकळी, कमानीसारखी कड. कमानीची पोकळ बाजू खाली.

‘दीड-दीड’ आणि ‘तीन-शून्य’ एवढं डोक्यात बसलं की तिसरी जागा जोडायला सोपी जाते. बरगड्यांच्या कडेच्या वर रेक्टस छातीवर चढलेला असतो. इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस बरगड्यांच्या कडेलाच थांबतात, त्यामुळे तिथे पुढे फक्त एक्स्टर्नल ऑब्लिकचा पडदा आणि मागे थेट कॉस्टल कार्टिलेज. हिशेब एक-शून्य. परीक्षक तीन पातळ्या विचारतात त्या याच.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी, कारण ‘दीड’ हा हिशेब सोयीसाठी आहे. १९८० मध्ये रिझ्क यांनी दाखवलं की तिन्ही अपोन्युरोसिस मुळात प्रत्येकी दोन पदरी असतात आणि त्यांचे तंतू लिनिया अल्बात एकमेकांना छेदून पलीकडच्या बाजूला जातात. त्या हिशेबाने लिनिया अल्बा ही नुसती शिवण उरत नाही, ती विणलेली पट्टी ठरते. पदवीच्या परीक्षेला दीड-दीड पुरतं; हर्नियाची शस्त्रक्रिया शिकणाऱ्याने दोन पदरांचं चित्र डोळ्यांपुढे ठेवावं.

स्वतःच्या पोटावर रेषा शोधा

पाठीवर झोपा, गुडघे किंचित वाकवा आणि डोकं वर उचला. रेक्टस ताठ होईल आणि त्याची बाहेरची कड बोटाला लागेल. आता बेंबी आणि प्युबिक सिंफिसिसची वरची कड यांच्यामधलं अंतर पाहा. काही पुस्तकं आर्क्युएट लाइन याच्या मध्यावर देतात, काही बेंबीपासून एक तृतीयांश अंतरावर. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण ती माणसागणिक बदलते.

बेंबीवर फार विसंबू नका. सुटलेल्या पोटात बेंबी खाली सरकते आणि सगळं माप चुकतं. हाडाची खूण जास्त भरवशाची. दोन्ही बाजूंच्या अँटिरियर सुपिरियर इलियाक स्पाइन जोडणारी आडवी रेषा मनात ओढा. आर्क्युएट लाइन साधारण त्याच पातळीच्या आसपास किंवा थोडी वर सापडते. बोटाने ती लागत नाही, ती रेक्टसच्या मागे आहे. हा फक्त अंदाज.

डिसेक्शन टेबलवर

त्वचा आणि चरबी बाजूला काढून झाली की रेक्टस शीथची पुढची भिंत पांढरी, चकचकीत दिसते. मध्यरेषेपासून साधारण २ सेंटिमीटर बाहेर, उभा छेद बरगड्यांच्या कडेपासून प्युबिसपर्यंत घ्या. मध्यरेषेतच कापलंत तर लिनिया अल्बा मिळते, शीथ उघडत नाही.

छेदाच्या कडा दोन्ही बाजूंना उलटताना काही ठिकाणी त्या अडतील. तिथे टेंडिनस इंटरसेक्शन आहेत: एक बेंबीच्या पातळीवर, एक झिफॉइडपाशी आणि एक या दोघांच्या मध्ये. या आडव्या पट्ट्या पुढच्या भिंतीला घट्ट चिकटलेल्या असतात, मागच्या भिंतीला नसतात. तिथे बोट चालत नाही, स्कॅल्पेलनेच सोडवावं लागतं. ओढाल तर स्नायू फाटेल. मागच्या भिंतीला ते चिकटलेले नसल्यामुळेच रेक्टसच्या मागे बोट वरपासून खालपर्यंत सहज फिरतं. ही गोष्ट पुढे भुलीच्या ब्लॉकमध्ये कामाला येईल.

अगदी खाली, प्युबिसच्या वर, रेक्टसच्या पुढे एक छोटा त्रिकोणी स्नायू दिसला तर तो पिरॅमिडॅलिस. काही माणसांत तो नसतोच, तेव्हा सापडला नाही म्हणून तो कापला गेला असं समजू नका.

आता रेक्टसची बाहेरची कड उचला. मागच्या-बाहेरच्या बाजूने नर्व्ह आत शिरताना दिसतील. त्या पाहून झाल्यावर स्नायू मधोमध आडवा कापा आणि एक भाग वर, एक भाग खाली उलटा. समोर मागची भिंत उघडी पडते. वरच्या टोकाला, एपिगॅस्ट्रियमच्या भागात, पांढऱ्या पडद्याऐवजी लाल स्नायूचे आडवे तंतू दिसले तर दचकू नका. तिथे ट्रान्सव्हर्ससचं मांस बरंच आत, रेक्टसच्या मागे, पोचलेलं असतं आणि अपोन्युरोसिस उशिरा सुरू होतं.

तिथून नजर खाली आणा. पांढरा, घट्ट पडदा एका जागी पातळ होतो आणि त्याखाली मऊ, किंचित पिवळसर पृष्ठभाग सुरू होतो. पांढऱ्याची ती कड म्हणजे आर्क्युएट लाइन. खात्री करायची असेल तर बोथट प्रोब कडेच्या खालून वर सरकवा. तो मागच्या भिंतीच्या मागे आणि ट्रान्सव्हर्सालिस फॅशियाच्या पुढे, या दोघांमध्ये शिरतो. फॉर्मॅलिनमुळे हे थर एकमेकांना चिकटलेले असतील तर प्रोब शिरणार नाही. तेव्हा जोर न करता कडेच्या थोडं बाजूला जाऊन पाहा.

दुसरी खूण रक्तवाहिनीची. इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरी एक्स्टर्नल इलियाकपासून, इंग्वायनल लिगामेंटच्या जरा वर निघते, वर-आत चढते आणि आर्क्युएट लाइनच्या पुढून शीथमध्ये शिरते. रक्तवाहिनीचा माग खालून वर काढत गेलात तर ती तुम्हाला त्या कडेपाशीच नेऊन सोडते.

कड नेहमी पुस्तकातल्या चित्रासारखी सुरेख नसते. कधी पडदा हळूहळू विरळ होत जातो आणि बोट कुठे ठेवावं कळत नाही. कधी दोन कडा दिसतात, कारण मागच्या पडद्याचे घटक एकाच पातळीवर पुढे वळत नाहीत, एक आधी वळतो, दुसरा नंतर. डावी-उजवी पातळीही वेगळी असू शकते. शेजारच्या टेबलवर एकच सुबक कमान आणि तुमच्याकडे दोन कडा दिसल्या तर तुमचं डिसेक्शन चुकलेलं असेलच असं नाही.

एक केस: गाठ कड ओलांडते तेव्हा

आता हाच हिशेब पेशंटमध्ये लावू. केस समजावण्यासाठी रचलेली आहे, पण हे चित्र वॉर्डात दिसतं.

६२ वर्षांच्या बाई, एट्रियल फिब्रिलेशनसाठी रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनवर. चार दिवस जोराचा खोकला, मग अचानक ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं. हाताला मोठी, दुखरी गाठ लागते. अपेंडिक्सचा गोळा, ओव्हरीची गाठ, आतड्याचा अडथळा, सगळंच डोक्यात येतं.

पहिली पायरी, गाठ भिंतीत आहे की पोटाच्या आत? बाईंना डोकं आणि खांदे उचलायला सांगा आणि तेव्हाच दाबून पाहा. पोटाच्या आतलं दुखणं ताठ झालेल्या स्नायूआड झाकलं जातं. भिंतीतलं दुखणं तेवढंच राहतं किंवा वाढतं. हे कार्नेट साइन. त्याच अवस्थेत गाठही हाताला लागतच राहिली तर तीसुद्धा भिंतीतलीच, हे फॉदरगिल साइन. इथे दोन्ही मिळतात. म्हणजे रेक्टस शीथ हिमॅटोमा, बहुतेक खोकल्याच्या झटक्याने फाटलेल्या इन्फिरियर एपिगॅस्ट्रिकच्या शाखेतून.

दुसरी पायरी, गाठ आर्क्युएट लाइनच्या वर आहे की खाली? वर असती तर रक्त पुढच्या आणि मागच्या भिंतीत कोंडलं असतं. मध्यरेषेला लिनिया अल्बा, मागे दीड पडदा. दाब वाढतो आणि रक्तस्राव बऱ्याचदा स्वतःच थांबतो. गाठ लांबट राहते आणि एका बाजूलाच राहते. खाली मात्र मागे अडवायला मजबूत काही नाही. ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया रक्ताचा दाब फार काळ पेलत नाही. रक्त मागे पसरतं, मध्यरेषा ओलांडतं आणि मूत्राशयाच्या पुढच्या मोकळ्या जागेत, रेट्झियसच्या जागेत, उतरतं. तिथे बरंच रक्त मावतं आणि बाहेरून तितकं दिसत नाही.

इथेच गोष्ट फसवी होते. फॉदरगिल साइनच्या वर्णनात गाठ मध्यरेषा ओलांडत नाही असंही सांगितलेलं असतं. पण खालची मोठी गाठ मध्यरेषा ओलांडते. तेवढ्यावरून ‘ही भिंतीतली नाही’ असं ठरवलंत तर निदान हुकेल. खालच्या भागात मध्यरेषेचा नियम ढिला पडतो, कारण रक्त रेक्टसच्या मागून फिरून पलीकडे जातं.

तिसरी पायरी, दाखल करताना हिमोग्लोबिन ११.२, सहा तासांनी ८.६, रक्त गोठायला किती उशीर होतो ते सांगणारा आयएनआर ४.८. वरचा हिमॅटोमा इतकं रक्त सहसा सामावू शकत नाही; पडलेले आकडेच सांगतात की रक्त खाली, सैल जागेत जातं आहे. लघवी अडणं किंवा वारंवार लागणं हेही मूत्राशय दाबलं जात असल्याचं लक्षण. अल्ट्रासाउंडवर वरचा हिमॅटोमा चातीसारखा, खालचा गोलसर दिसतो. शंका असेल तर सीटी अँजिओग्राफी, त्यात रक्त अजून वाहतंय का तेही कळतं. वॉरफरिन थांबवणं, त्याचा परिणाम उलटवणं, रक्त देणं ही पहिली फळी. तरीही रक्तदाब टिकत नसेल तर इन्फिरियर एपिगॅस्ट्रिकचं एम्बोलायझेशन, म्हणजे ती आतून बंद करणं. गाठ कापून रिकामी करायची घाई करू नये. आतला दाबच तिथे थोडाफार उपयोगाचा असतो आणि तो सोडला की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

हीच कड ऑपरेशन थिएटरमध्ये

सिझेरियनसाठी सर्रास घेतला जाणारा फॅननस्टिल छेद आर्क्युएट लाइनच्या बराच खाली असतो. प्युबिक सिंफिसिसच्या थोडा वर आडवा. इथे ‘तीन-शून्य’ हिशेब हाताखाली येतो. पुढची भिंत कापताना कडेच्या बाजूला दोन थर स्पष्ट सुटे दिसतात: वरचा एक्स्टर्नल ऑब्लिकचा, खालचा उरलेल्या दोघांचा एकजीव झालेला. शिकाऊ डॉक्टर कडेला फक्त वरचाच थर टाक्यात घेऊन मोकळे होतात. दोन्ही थर टाक्यात आले आहेत का हे कोपऱ्यापाशी मुद्दाम पाहावं, कारण खालच्या भागात भिंतीचं सगळं बळ पुढेच आहे. मागे शिवायला शीथ नाहीच.

पेरिटोनियम उघडताना शक्य तितकं वरच्या बाजूला उघडतात. रेक्टस बाजूला केल्यावर समोर फक्त फॅशिया, चरबी आणि पेरिटोनियम असतं आणि खाली मूत्राशय चरबीआड लपलेलं असतं. आधीचं सिझेरियन झालेलं असेल तर ते वर ओढलं गेलेलंही असू शकतं.

इंग्वायनल हर्नियाच्या टीईपी पद्धतीत, म्हणजे पेरिटोनियमच्या बाहेरूनच दुर्बिणीने जाळी बसवताना, हीच मोकळी कड दार म्हणून वापरतात. बेंबीच्या खाली, मध्यरेषेच्या जरा बाजूला, फक्त पुढची भिंत उघडतात. बरोबर मध्यरेषेत उघडलं तर दोन्ही भिंती तिथे एकत्र झालेल्या असतात आणि थेट पोटात शिरायला होतं. रेक्टस बाजूला सारून मागच्या पांढऱ्या भिंतीवरून बलून किंवा दुर्बीण खाली सरकवतात. आर्क्युएट लाइन ओलांडली की मागचा टणक आधार संपतो आणि आपण पेरिटोनियमच्या पुढच्या सैल जागेत येतो. कड फार खाली असेल तर ती दुर्बिणीच्या वाटेत पडद्यासारखी लोंबते, जाळी पसरायला जागा कमी पडते; तेव्हा ती बाजूने थोडी कापून घेतात. कापताना रेक्टसला लागून चढणारी इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक वर छताला राहिली पाहिजे. ती खाली लोंबताना दिसली तर आपण चुकीच्या थरात गेलो आहोत.

भूलतज्ज्ञ रेक्टस शीथ ब्लॉक देतात तो आर्क्युएट लाइनच्या वर, कारण खाली मागची भिंत नसते. औषध रेक्टस आणि मागची भिंत यांच्यामध्ये सोडलं की टेंडिनस इंटरसेक्शन मागे चिकटलेले नसल्यामुळे ते वर-खाली पसरतं आणि शिरणाऱ्या नर्व्ह गाठतं. अल्ट्रासाउंडवर रेक्टसच्या मागे दोन चमकदार समांतर रेषा दिसतात: पुढची मागच्या शीथची, मागची ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया आणि पेरिटोनियमची. सुईचं टोक पहिली रेषा न ओलांडता, रेक्टस आणि ती रेषा यांच्यामध्ये थांबवायचं असतं. प्रोब खाली सरकवत गेलात आणि दोनऐवजी एकच रेषा उरली की तुम्ही आर्क्युएट लाइन ओलांडली आहे. तिथे सुई थोडी जरी पुढे गेली तर ती पोटात जाते, तेव्हा प्रोब पुन्हा वर न्या.